बेकरीच्या जुन्या गिऱ्हाइकांना ॲम्बॅसिडर करताना: वहीपासून हिशोबापर्यंतचा क्रम

गेल्या दोन वर्षांत कोल्हापुरातल्या बऱ्याच बेकरीवाल्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "नेहमीच्या गिऱ्हाइकांनी आमचे फोटो टाकावेत, आम्ही त्यांना काहीतरी देऊ, अशी योजना काढली. पहिले चार दिवस गर्दी झाली आणि मग सगळं थंड पडलं. चुकलं कुठं?" बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. आधी बोर्ड लागतो, 'स्टोरी टाका, १०% सूट मिळवा' म्हणून. मग गिऱ्हाईक येतं, मग काउंटरवरचा पोरगा गोंधळतो आणि खर्च किती झाला हे महिन्यानं कळतं. हा क्रम पूर्ण उलटा आहे. आमच्या बेकरीत आम्हीही पहिल्यांदा असंच केलं होतं. दुसऱ्यांदा ज्या क्रमानं केलं, तो इथं देतो आहे.

बोर्डावरची सूट सगळ्यांसाठी असते. ॲम्बॅसिडर म्हणजे तुम्ही निवडून, नावानं बोलावलेली आठ-दहा माणसं. या लेखात फक्त त्यांच्याबद्दल बोलू.

१. आधी महिन्याचा खर्च बांधून घ्या

बक्षीस मालाचंच द्या, रोख देऊ नका. रोख दिली की माणूस पैशासाठी पोस्ट टाकतो आणि त्याच्या ओळखीच्यांनाही ते दिसतं. मालाचा दुसरा फायदा असा की ८० रुपयांचं खारीचं पाकीट गिऱ्हाइकाला ८० रुपयांचंच वाटतं, पण मैदा, बटर, गॅस आणि पॅकिंग धरून आम्हाला ते ४५ रुपयांना पडतं. हिशोब नेहमी या ४५ वर करायचा.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एका पोस्टला ८० रुपयांपर्यंतचा कुठलाही एक जिन्नस, मग ती खारी असो, नानकटाई असो नाहीतर दोन पॅटीस. एका माणसाला महिन्यात जास्तीत जास्त दोन पोस्टींचं बक्षीस. आणि त्यांच्या वाढदिवसाला अर्धा किलोचा केक, जो आम्हाला १८० रुपयांना पडतो. १२ माणसं धरली तर महिन्याला २४ पोस्टी, म्हणजे १,०८० रुपये. वाढदिवसाचा सरासरी एक केक धरला की १,२६० रुपये. यापलीकडे ॲम्बॅसिडरनं पाठवलेल्या नव्या माणसाला ३०० रुपयांवरच्या खरेदीत ४० रुपये सूट.

तुमचे आकडे वेगळे असतील. पण हे तीन आकडे कागदावर आल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाला बोलावू नका.

तपासा: सगळ्यांनी सगळ्या पोस्टी टाकल्या तरी हा खर्च तुम्ही तीन महिने न कुरकुरता सोसू शकता का? नसेल तर माणसं कमी करा. बक्षीस लहान करू नका. एका क्रीम रोलसाठी कुणी दोनदा पोस्ट टाकत नाही.

२. यादी मोबाईलमधून नको, वहीतून काढा

इथं सर्वात जास्त चूक होते. मालक इन्स्टाग्राम उघडतो, ज्याचे फॉलोअर जास्त त्याला निवडतो. पाच हजार फॉलोअर असलेल्या पोराचे निम्मे फॉलोअर पुण्या-मुंबईचे असतात. ते कोल्हापूरच्या राजारामपुरीत येऊन पॅटीस खाणार नाहीत. याउलट ज्या काकूंचं स्टेटस त्यांच्या गल्लीतल्या, भिशीतल्या आणि शाळेच्या ग्रुपमधल्या दीडशे बायका बघतात, त्यांच्या एका फोटोवर संध्याकाळी तीन केकच्या ऑर्डरी येतात.

म्हणून केक ऑर्डरची वही घ्या. तीत नाव, नंबर, तारीख सगळं असतं. गेल्या वर्षभरात ज्यांनी तीन किंवा जास्त केक नेलेत त्यांच्यावर खूण करा. मग काउंटरवर बसणाऱ्याला विचारा, आठवड्यातून दोनदा तरी कोण येतं? सकाळी मिसळीसाठी ब्रेड न्यायला येणारे यात हमखास सुटतात, कारण त्यांचं बिल लहान असतं. त्यांना सोडू नका. रोज येणारा माणूस रोज चार जणांशी बोलतो.

दोन्ही याद्यांतली नावं एकत्र काढा. त्यातून नातेवाईक आणि कामगारांच्या घरची माणसं वगळा. त्यांच्या कौतुकावर कुणी विश्वास ठेवत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांनाही घेऊ नका, कितीही उत्साही असली तरी.

आणि एक नाव मुद्दाम घाला: ज्यानं तुमच्याकडे कधी तक्रार केली आणि तरी यायचं थांबवलं नाही. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आहेत. एका पावसाळ्यात त्यांनी टोस्टचं पाकीट परत आणून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे चहात घालायच्या आधीच मऊ पडलंय." आम्ही त्यानंतर पॅकिंगची पिशवी बदलली. पुढं त्याच गुरुजींनी स्टेटसला लिहिलं, 'आता टोस्ट कुरकुरीत आहे'. त्या एका ओळीचं वजन दहा गोड पोस्टींपेक्षा जास्त होतं, कारण गुरुजी उगाच कौतुक करत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

तपासा: यादी १५ नावांच्या पुढं गेली असेल तर अजून चाळा. १२ जणांना बोलावलं की आठ-नऊ हो म्हणतात. तेवढेच सांभाळता येतात.

३. नियम एका पानावर लिहा

तोंडी सांगितलेले नियम पंधरा दिवसांत बदलतात. एकच पान करा, साध्या मराठीत. त्यात काय मागतो, काय देतो आणि काय करायचं नाही, एवढंच.

मागायचं कमी. महिन्यात दोन पोस्टी, स्वतःच्या शब्दांत, स्वतः काढलेल्या फोटोसह. मजकूर तुम्ही लिहून देऊ नका. आम्ही पहिल्या वेळी दिला होता. नऊ जणांनी एकच वाक्य टाकलं आणि एका गिऱ्हाइकानं काउंटरवर येऊन विचारलं, "काय ओ, सगळ्यांना तुम्हीच लिहून देता काय?" त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

न करायच्या गोष्टी चार आहेत आणि त्या पानावर ठळक हव्यात.

पहिली, बक्षीस मिळतं हे लपवायचं नाही. फुकट मिळालेला माल हाही मोबदलाच धरला जातो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान बेकरीच्या मागं कोण लागतंय, असं म्हणून हे सोडू नका. पोस्ट ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, सहज दिसेल अशी एक ओळ पुरते: 'जाहिरात: मी या बेकरीची ॲम्बॅसिडर आहे, पोस्टबद्दल मला खाऊ मिळतो.' हॅशटॅगच्या ढिगात शेवटी लपवलेली ओळ चालत नाही. आमचा अनुभव असा की ही ओळ वाचून कुणी बिचकत नाही. उलट 'मला पण घ्या की' म्हणून विचारणा येते.

दुसरी, गुगल मॅपवरच्या रिव्ह्यूला बक्षीस नाही. सूट किंवा फुकट माल देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात आणि त्यात तुमचे खरे रिव्ह्यूही संशयात येतात. कुणी आपणहून लिहिला तर आभार माना, पण त्याच्या नावावर पाकीट देऊ नका.

तिसरी, तब्येतीचे दावे नाहीत. 'शुगरवाल्यांना चालतं', 'मैदा नाही, पचायला हलकं' असलं काही ॲम्बॅसिडरनं लिहिलं तर लोक ते तुमचंच म्हणणं समजतात.

चौथी, दुसऱ्यांच्या लेकरांचे चेहरे आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. वाढदिवसाच्या केकच्या फोटोत हे सारखं घडतं. केक आणि मेणबत्तीचा फोटो पुरतो.

सावधान: एगलेस हा शब्द फक्त तुम्ही सांगाल त्याच मालाला वापरायचा, हे पानावर वेगळं लिहा. श्रावणात आमच्या एका ताईंनी मावा केकच्या फोटोवर प्रेमानं 'एगलेस' लिहून स्टोरी टाकली. त्या केकमध्ये अंडं होतं. दुपारी एक वाजता स्टोरी पडली आणि चारपर्यंत श्रावण पाळणारी दोन घरं केक घेऊन गेली होती. एकांना फोनवर गाठता आलं. दुसऱ्यांच्या घरी मी स्वतः गेलो, तोवर केक कापून झाला होता. त्या माउली रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या, आणि ते जास्त लागलं. टाकलेल्या स्टोरीवरचा मजकूर बदलता येत नाही, ती काढून नवी टाकावी लागते. साध्या पोस्टखालचा मजकूर मात्र बदलता येतो. तेव्हापासून आमच्या पानावर दोन याद्या आहेत, अंडं असलेल्या आणि नसलेल्या मालाच्या, आणि शंका असेल तर फोन करायचा नंबर.

४. बोलावणं समोरासमोर करा

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर आमंत्रण टाकू नका. एक तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्यांना ते पोहोचतच नाही. दुसरं, सगळ्यांना गेलेला निरोप कुणालाच आपला वाटत नाही. गिऱ्हाईक नेहमीच्या वेळी येतं, तेव्हा बाजूला बोलवा, दोन मिनिटं बोला आणि ते पान हातात द्या. लगेच उत्तर मागू नका. त्याच संध्याकाळी त्यांच्या नावानं निरोप पाठवा. आम्ही पाठवतो तो असा:

> नमस्कार काकू. सकाळी बोललो तसं, तुम्ही आमच्या बेकरीच्या ॲम्बॅसिडर व्हावं अशी आमची इच्छा आहे. महिन्यात दोनदा, तुम्हाला खरंच आवडलेल्या पदार्थाचा फोटो तुमच्या शब्दांत टाकायचा. प्रत्येक पोस्टला ८० रुपयांपर्यंतचा एक जिन्नस आमच्याकडून. एखादी गोष्ट आवडली नाही तर ती आम्हाला सांगा, पोस्ट टाकायची सक्ती नाही. तीन महिने करून बघू. नको वाटलं तर मोकळेपणानं नाही म्हणा, आपलं येणं-जाणं तसंच राहील.

शेवटचं वाक्य गाळू नका. जुनं गिऱ्हाईक भिडेपोटी हो म्हणतं, पोस्ट टाकत नाही, आणि मग तोंड चुकवायला दुसऱ्या बेकरीत जायला लागतं. ॲम्बॅसिडर मिळाला नाही तर काही बिघडत नाही, गिऱ्हाईक जाता कामा नये.

५. पहिल्या पोस्टीआधी काउंटर तयार करा

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, आणि योजना इथंच मरते. ॲम्बॅसिडर बक्षीस न्यायला येते, मालक बाहेर असतो, काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मला काय म्हाइत नाही, मालक आल्यावर या." मागं चार माणसं उभी असतात. ती बाई पुन्हा कधी बक्षीस मागत नाही आणि पोस्टही टाकत नाही.

दोनशे पानी वही घ्या आणि गल्ल्याजवळ दोरीनं बांधा. पहिल्या पानावर ॲम्बॅसिडरांची नावं. त्यापुढं प्रत्येकाला एक सोपा शब्द द्या, जो नवं गिऱ्हाईक सूट मागताना तोंडानं सांगू शकेल. आम्ही पदार्थांची नावं दिली: एकाला 'खारी', एकाला 'नानकटाई', गुरुजींना अर्थातच 'टोस्ट'. आकडे आणि इंग्रजी अक्षरांचे कोड काउंटरवर टिकत नाहीत. लोक विसरतात.

आतल्या पानांवर दोन भाग. डाव्या पानावर बक्षिसं: तारीख, नाव, कुठली पोस्ट, काय दिलं, सही. उजव्या पानावर आलेली माणसं: तारीख, कुणाचा शब्द सांगितला, बिल किती, आणि 'पहिल्यांदाच आलात का?' याचं हो किंवा नाही. हा शेवटचा रकाना विसरलात तर आठव्या टप्प्यातला हिशोब करता येणार नाही.

तपासा: घरातल्या कुणाला तरी, मुलगा एकटा असताना, बक्षीस मागायला पाठवा. वही उघडून, न विचारता, दोन मिनिटांत पाकीट दिलं तर तुम्ही तयार आहात.

६. तिघांनी सुरुवात करा, सणात नको

नऊच्या नऊ जणांना एकाच दिवशी सोडू नका. पहिले दोन आठवडे तीन जण, मग बाकीचे. आणि नवरात्र ते दिवाळी किंवा नाताळच्या आठवड्यात मुळीच सुरू करू नका. तेव्हा काउंटरला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि माल तसाही खपतो. शाळा सुरू झाल्यावर, पावसाला लागून चहा-खारीचे दिवस येतात, ते बरे.

फोटो कसा काढायचा हे शिकवू नका, पण माल कधी ताजा असतो ते सांगा. आमचे पॅटीस साडेचारला भट्टीतून निघतात. तेव्हा पॅटीस मोडला की पदर सुटे होतात आणि आतून वाफ येते. सातला तोच पॅटीस फोटोत मेल्यासारखा दिसतो. एवढं कळलं की लोक आपोआप साडेचारला येतात.

७. पुरावा आणि बक्षीस

स्टोरी आणि व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जातं. इन्स्टाग्रामवर तुम्हाला मेन्शन केलं तर निरोप येतो, पण ज्यांचं खातं खासगी आहे त्यांची स्टोरी तुम्ही त्यांना फॉलो करत नसाल तर दिसत नाही. व्हॉट्सॲप स्टेटसही एकमेकांचे नंबर सेव्ह असतील तरच दिसतं. म्हणून सगळ्यांना एकच पद्धत: पोस्ट टाकली की तिचा स्क्रीनशॉट बेकरीच्या नंबरवर. त्यात जाहिरातीची ओळ दिसली पाहिजे. नसेल तर प्रेमानं सांगा, दुरुस्त झाली की वहीत नोंद.

बक्षीस सात दिवसांत द्या. पोस्टीत किती कौतुक आहे यावर ते ठरवू नका. एकदा एका कॉलेजच्या मुलीनं लिहिलं, 'पेस्ट्री छान, पण क्रीम जरा जास्त गोड.' आमच्या मुलानं विचारलं, हिला पण द्यायचं? द्यायचं, आणि त्याच दिवशी. एकदा का 'गोड लिहिलं तरच मिळतं' हे बाहेर पसरलं, की सगळ्या पोस्टींची किंमत शून्य होते.

सावधान: महिन्याच्या दोन पोस्टींची मर्यादा कुणासाठीही मोडू नका. एकाला तिसरं पाकीट दिलं की ते नवव्या माणसापर्यंत पोहोचायला दोन दिवस लागत नाहीत.

८. महिन्याचा हिशोब, खरा

आमचा पहिल्या महिन्याचा हिशोब इथं मांडतो. बाराजणांना बोलावलं, नऊ आले. १६ पोस्टी पडल्या, म्हणजे ७२० रुपये. एक वाढदिवसाचा केक, १८०. शब्द सांगून ३० जणांनी खरेदी केली, प्रत्येकी ४० रुपये सूट, म्हणजे १,२००. एकूण खर्च २,१०० रुपये. त्या ३० बिलांची बेरीज ११,४०० झाली. माल, गॅस आणि पॅकिंग वजा जाता आम्हाला साधारण ४०% सुटतात, म्हणजे ४,५६०. खर्च वजा केला तर २,४६० रुपये शिल्लक. इथं थांबलो असतो तर खूश झालो असतो.

पण वहीतला शेवटचा रकाना बघितला. ३० पैकी १७ जण जुनेच होते. ते शब्द सांगितला नसता तरी आले असते. नवे फक्त १३, त्यांची बिलं ४,९४० रुपयांची, त्यातून सुटले १,९७६. खर्च २,१००. म्हणजे खरं तर १२४ रुपयांचा तोटा.

तोटा कुठं झाला तेही वहीनंच सांगितलं: जुन्या १७ जणांना दिलेले ६८० रुपये. योजनेत 'नव्या माणसाला' असं लिहिलं होतं, पण काउंटरवर कुणी विचारून नाही म्हणत नव्हतं. पुढच्या महिन्यात नियम कडक केला. पहिल्यांदा आलेल्याचा फोन नंबर वहीत लिहायचा आणि सूट फक्त त्याला. जुन्यांनी शब्द सांगितला तर मुलगा हसून म्हणायचा, "तुम्ही तर घरचेच की," आणि एक बटर हातावर ठेवायचा. पहिल्या महिन्यात हाच नियम पाळला असता तर खर्च १,४२० वर आला असता आणि ५५६ रुपये सुटले असते.

दुसऱ्या महिन्यात आणखी एक गोष्ट मोजा. पहिल्या महिन्यातल्या नव्यांपैकी पुन्हा किती आले? आमचे १३ पैकी पाच आले, तेही सूट नसताना. या पाचजणांचे फोन नंबर आणि ज्याच्या शब्दानं ते आले त्याचं नाव वेगळ्या पानावर लिहा. पाचपैकी तिघं 'टोस्ट' सांगून आले होते.

९. तीन महिन्यांनी

ज्यांनी दोन महिने एकही पोस्ट टाकली नाही त्यांना हटकू नका. तीन महिने संपले की सगळ्यांनाच सांगा की ही फेरी संपली, आणि प्रत्येकाला एक पाकीट द्या. मग पुढच्या फेरीसाठी फक्त ज्यांना हौस आहे त्यांना पुन्हा बोलावा. रिकाम्या जागा केक ऑर्डरच्या वहीतून भरा, आणि त्या पाच नव्या गिऱ्हाइकांची नावं तिथं आली आहेत का ते आधी बघा. आमच्या दुसऱ्या फेरीत त्यातल्या दोघी आहेत. एकीचा शब्द 'पॅटीस', आणि ती साडेचारला दारात असते.